१२८ आणि ८३ यांची सरासरी काढू नका

(धुळ्यात शिक्षक आणि पालकांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

पारोळ्याकडची एक आई मुलाला घेऊन आली होती. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, हाऊ पोऱ्या बोलाले पोपट शे, लिखाले कासव." नंतर मी दोन तास चाचणी घेतली, पण तिच्या या वाक्यापेक्षा फार वेगळं काही मला सापडलं नाही. मला फक्त कासव कुठं अडतंय ते शोधायचं होतं. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीतला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आकडे मात्र अशा मुलांचे असतात तसेच ठेवले आहेत.

त्यांच्याजवळ आधीचा एक रिपोर्ट होता. त्यात एकच आकडा ठळक छापलेला होता: बुद्ध्यांक ११०. खाली शेरा, 'बुद्धी चांगली, मुलगा प्रयत्न करत नाही.' आत उलगडून पाहिलं तर चार वेगवेगळे आकडे होते. शब्दांतून विचार करण्याची क्षमता १२८, आकृत्यांवरून तर्क ११२, ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं १००, आणि काम उरकण्याचा वेग ८३. सरासरी १०० धरली, तर १२८ म्हणजे त्याच्या वयाच्या शंभर मुलांत सुमारे सत्त्याण्णव त्याच्या मागे. ८३ म्हणजे सुमारे तेराच मागे. या दोन टोकांना एकत्र कालवून आलेला ११० या मुलाबद्दल काहीच सांगत नाही. एका शेतात विहीर भरलेली आणि दुसऱ्यात कोरडी असेल तर गावात सरासरी अर्धी विहीर पाणी आहे असं कोणी म्हणत नाही. म्हणून चार आकड्यांत दीड प्रमाण विचलनापेक्षा, म्हणजे साधारण तेवीस गुणांपेक्षा, जास्त अंतर असलं तर मी एकूण बुद्ध्यांकावर बोलतच नाही. इथं तर पंचेचाळीसचं आहे.

पण अंतर दिसलं की लगेच दचकूही नका. शब्दबुद्धी आणि वेग यांचं नातं सैल आहे. एकात फार वर असलेलं मूल दुसऱ्यात तितकंच वर असेल अशी अपेक्षा आकडेशास्त्र धरतच नाही. १२८ शब्दबुद्धीच्या मुलाचा वेग ११० च्या आसपास असेल, असा ढोबळ अंदाज धरायचा. म्हणजे वेग १०५ आला आणि आईबाप तेवीसच्या फरकाने घाबरून आले, तर मी त्यांना चहा पाजून परत पाठवते. ८३ मात्र त्या अपेक्षेच्याही फार खाली आहे. शिवाय मुलाची वही आणि वर्गातली तक्रार त्याला दुजोरा देत होती. फळ्यावरचं उतरवून होत नाही, डबा खायचा राहतो, पेपर निम्मा कोरा.

आता खरी गंमत पुढे आहे. तो ८३ सुद्धा एक सरासरीच आहे! वेगाचा आकडा दोन चाचण्यांतून बनतो. पहिलीत वर एक किल्ली छापलेली असते, प्रत्येक अंकाला एक चिन्ह, आणि खालच्या अंकांखाली ती चिन्हं काढत जायची. दुसरीत डावीकडची चिन्हं उजवीकडच्या रांगेत आहेत का ते पाहून फक्त एक रेघ मारायची. दोन्हींना दोन-दोन मिनिटं. दोन्हींत सरासरी गुण १०. या मुलाला पहिलीत ४ आणि दुसरीत १०. डोळ्यांनी शोधणं, ठरवणं, पुढं सरकणं हे सगळं त्याला वयाप्रमाणे जमतंय. चिन्ह काढायची वेळ आली की सगळं तुंबतं. मग 'मेंदूचा वेग कमी' असं लिहिणं सरळसरळ चूक ठरतं.

मी त्याचा कागद उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला प्रत्येक चिन्ह बोटाला लागत होतं, इतका पेन्सिलीचा दाब. एकही चिन्ह चुकलेलं नव्हतं. मग मी किल्ली झाकली आणि काढलेलीच चिन्हं नुसती शेजारी पुन्हा काढायला सांगितली. शोधायचं काही नाही, तरी गती जवळपास तितकीच राहिली. उलट, अंकावर बोट ठेवून त्याचं चिन्ह तोंडी सांग म्हटलं तर गडी सुसाट. आईला विचारलं, शर्टाची बटणं? म्हणाली, अजून मीच लावते. सायकलही यंदाच आली. हा निदानाचा पुरावा नव्हे, त्यासाठी मी त्याला व्यवसायोपचार तज्ज्ञाकडे पाठवलं. पण पत्रात 'लिहिण्याच्या हालचालीतली अडचण तपासा' असं मी ठामपणे लिहू शकले.

दोन्ही चाचण्या खाली असत्या तर वाट निराळी. चुकाच चुका आणि मध्येच खिडकीबाहेर लक्ष असेल तर अवधानाची तपासणी. चूक एकही नाही, पण दर चिन्हाला खोडरबर आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहणं असेल तर धास्ती किंवा नीटनेटकेपणाचा हट्ट. मध्येच काही सेकंद डोळे स्थिर, हाक ऐकू येत नाही, आणि मग काही झालंच नाही असं पुढे सुरू, असं दिसलं तर चाचणी बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञ. ते फिटचे बारीक झटके असू शकतात. आणि नजर तपासलेली असावी, हे मला आता सांगायचीही लाज वाटते, पण निम्म्या वेळा तपासलेली नसते.

एक गोष्ट आपल्याकडची. अजूनही पुष्कळ ठिकाणी नागपूरच्या डॉ. मलिन यांनी १९६९ मध्ये भारतीय मुलांसाठी केलेली चाचणी वापरतात. तिच्यात शाब्दिक आणि कृती असे दोनच मुख्य आकडे येतात, वेगाचा निराळा येत नाही. चिन्हं काढण्याचा भाग कृतीच्या पाच भागांत एक असतो. चार भागांत ११० आणि या एका भागात ७५ असले तरी सरासरी १०३ येते आणि अडचण गडप होते. म्हणून रिपोर्ट घेताना प्रत्येक भागाचे गुण मागून घ्या. आणि अहिराणी घरातल्या मुलाची शाब्दिक चाचणी कुठल्या भाषेत झाली तेही विचारा. शाब्दिक आकडा कमी आला तर तो भाषेचा असू शकतो. असा घसघशीत आला तर मात्र पोराचा आहे, हे धरून चाला. मी याला कापूस आणि लोकर यांत सारखं काय असं विचारलं (हा प्रश्न चाचणीतला नाही), तर म्हणाला, "दोन्ही पिंजावं लागतं, मग धागा. फक्त एक झाडावर येतं, एक मेंढीवर."

शाळेत काय करायचं? मंद वेगाचं म्हणून प्रमाणपत्र नसतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, त्यासाठी वाचन-लेखनाची वेगळी तपासणी लागते. प्रमाणपत्र मिळो न मिळो, वर्गात एक प्रयोग करता येतो. त्याच्या बाईंनी केला. परिसर अभ्यासाचा २५ गुणांचा पेपर, चाळीस मिनिटं पेन्सिलीने. वेळ संपल्यावर पेन्सिल काढून घेतली, निळा पेन दिला, आणखी पंधरा मिनिटं. वाढीव वेळेत काहीच भर पडली नसती तर अडचण वेळेची नाही, अभ्यासाची आहे असं कळलं असतं. याचे पेन्सिलीत ११ होते, निळं धरून १८ झाले. पण निळ्या शाईतलं अक्षर शेवटच्या पाच ओळींत इतकं ढासळलं होतं की एक उत्तर बाईंना त्याच्याकडून वाचून घ्यावं लागलं. वाचलं ते बरोबर होतं. तेव्हा नुसता वेळ वाढवून भागणार नव्हतं. त्यांनी पुढच्या चाचणीपासून दोन मोठी उत्तरं तोंडी घ्यायला सुरुवात केली, आणि फळ्यावरचा मजकूर त्याला छापील द्यायला.