पाच तारीख आणि महिन्यातली सर्वात कमी शिल्लक

नमस्कार श्रोतेहो. आज कागद-पेन्सिल हाताशी घेऊन बसलात तर बरं. आणि घरात पीपीएफचं पासबुक असेल तर तेही काढा. एप्रिलमध्ये पासबुक छापून आणलं की आपण एकच ओळ बघतो, 31 मार्चची व्याजाची. आकडा बरा मोठा दिसला की पासबुक परत कपाटात. तो आकडा आला कुठून, हे आपण विचारत नाही. मीही बरीच वर्षं विचारलं नव्हतं.

मग एका वर्षी मी स्वतः हिशोब केला. 2024-25चं वर्ष होतं आणि व्याजदर 7.1 टक्के. हा दर 1 एप्रिल 2020पासून चालू होता, त्यामुळे मधेच दर बदलण्याची भानगड नव्हती. माझ्या हिशोबाने व्याज आलं 46,268 रुपये. पासबुकात छापलं होतं 45,322. म्हणजे 946 रुपये कमी. रागाने मी बँकेत जायला निघालोच होतो. गेलो असतो तर फजिती झाली असती, कारण चूक बँकेची नव्हती, माझी होती. ती कशी सापडली, तेच आज सांगतो.

आधी नियम. पीपीएफमध्ये व्याज दर महिन्याचं मोजतात. पण महिन्याची कुठली शिल्लक धरायची? पाच तारखेचा दिवस संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वात कमी शिल्लक राहिली असेल, ती. सरासरी नाही, शेवटच्या दिवसाचीही नाही. त्या पंचवीस-सव्वीस दिवसांत शिल्लक एक दिवस जरी खाली गेली, तरी अख्ख्या महिन्याचं व्याज त्या खालच्या रकमेवर. हे आजच्या माणसाला विचित्र वाटतं, कारण बँकेच्या बचत खात्यावर 1 एप्रिल 2010पासून रोजच्या शिलकीवर व्याज मोजतात. त्याआधी तिथेही दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सर्वात कमी शिल्लकच धरायचे. जुन्या खातेदारांना आठवत असेल. बचत खात्याने ती पद्धत सोडली, पीपीएफने नाही.

दुसरी गोष्ट. व्याज महिन्याचं मोजलं तरी ते खात्यात जमा होतं वर्षातून एकदाच, 31 मार्चला. एप्रिलचं व्याज मे महिन्याच्या शिलकीत मिसळत नाही. दर महिन्याला व्याजावर व्याज धरून हिशोब केलात तर तुमचा आकडा नेहमीच बँकेपेक्षा जास्त येणार आणि विनाकारण संशय येणार.

आता माझं खातं बघू. 1 एप्रिल 2024ला, आधीच्या वर्षाचं व्याज धरून, शिल्लक होती 6 लाख. 4 एप्रिलला मी 50,000 भरले. ऑगस्टमध्ये 40,000 भरले. डिसेंबरच्या शेवटी, घराच्या कामासाठी, 1,20,000 काढले. खातं जुनं होतं, त्यामुळे नियमात बसत होतं. आणि मार्चमध्ये 5 तारखेला उरलेले 60,000 भरले. वर्षाची 1,50,000ची मर्यादा पूर्ण. एवढेच चार व्यवहार.

बारा महिन्यांची नावं खाली खाली लिहायची आणि प्रत्येकासमोर एकच आकडा, त्या महिन्याची सर्वात कमी शिल्लक. एप्रिलपासून 6,50,000. ऑगस्टपासून मी लिहिलं 6,90,000. जानेवारीपासून 5,70,000. मार्चला 6,30,000. मग या बारा आकड्यांची बेरीज करायची, तिला 7.1ने गुणायचं आणि 1200ने भागायचं. 1200 का? शंभर टक्क्यांचे आणि बारा महिन्यांचे. माझी बेरीज आली 78,20,000 आणि व्याज 46,268.

इथे मी एक सोपी युक्ती वापरली. आता जरा हळू सांगतो. 7.1 टक्क्यांनी एक हजार रुपयांचं एका महिन्याचं व्याज होतं 5 रुपये 92 पैसे, तेवढं पाठ करून ठेवा. मग जो फरक येईल त्याला 5.92ने भागायचं. माझे 946 भागिले 5.92, म्हणजे जवळजवळ 160. याचा अर्थ बँकेने माझ्या हिशोबापेक्षा 1,60,000 रुपये एका महिन्यासाठी कमी धरले आहेत. किंवा 80,000 दोन महिन्यांसाठी, किंवा 40,000 चार महिन्यांसाठी. ही युक्ती नेमका महिना सांगत नाही, पण कुठे शोधायचं ते सांगते. पूर्ण बारा महिने चाळत बसायची गरज राहत नाही.

आता 1,60,000 या आकड्याकडे बघितलं आणि लगेच ओळखीचं वाटलं. माझ्याच व्यवहारांत 40,000 आहेत आणि 1,20,000 आहेत. दोन्ही मिळून नेमके 1,60,000. मग पासबुकावर तारखा बघितल्या. ऑगस्टचे 40,000 मी 5 तारखेला रात्री उशिरा मोबाइलवरून दुसऱ्या बँकेतून पाठवले होते आणि माझ्या डोक्यात ती तारीख 5 अशी बसली होती. पासबुकात ते जमा झाले 6 ऑगस्टला. म्हणजे 5 तारखेचा दिवस संपताना खात्यात 6,50,000च होते आणि ऑगस्टची सर्वात कमी शिल्लक तीच. माझे 40,000 मोजले गेले सप्टेंबरपासून. आपण पैसे कधी पाठवले याला इथे काही किंमत नाही, ते पीपीएफ खात्यात कुठल्या तारखेला जमा झाले ते बघायचं. चेक दिला असेल तर तो कधी वटला ते.

डिसेंबरची गोष्ट तर माझ्या डोक्यातच आली नव्हती. पैसे काढले 27 डिसेंबरला. मला वाटलं, महिना संपतच आलाय, डिसेंबरचं व्याज मिळणारच. पण 27 ते 31 डिसेंबर या पाच दिवसांत शिल्लक 5,70,000वर आली होती आणि त्या महिन्याची सर्वात कमी शिल्लक हीच. सव्वीस दिवस पैसे खात्यात पडून होते, त्यांचं 1,20,000वरचं डिसेंबरचं व्याज गेलं. किती? 710 रुपये. आणि ऑगस्टचे 237. दोन्ही मिळून माझे 946, एखादा रुपया पूर्णांकाचा.

भरण्याच्या बाबतीत पाच तारखेचा नियम बहुतेकांना माहीत असतो. काढण्याच्या बाबतीत तो उलटा चालतो, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. पैसे भरायचे असतील तर पाच तारीख संपायच्या आत. काढायचे असतील आणि थांबणं शक्य असेल, तर महिनाअखेरीस नाही, पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला. मी 27 डिसेंबरऐवजी 1 जानेवारीला काढले असते तर डिसेंबरचं पूर्ण व्याज मिळालं असतं आणि जानेवारीचं तसंही 5,70,000वरच मिळायचं होतं. चार-पाच दिवसांसाठी 710 रुपये. सुतार थांबायला तयार नव्हता, ही वेगळी गोष्ट.

आता दुरुस्त आकडे. एप्रिल ते ऑगस्ट पाच महिने 6,50,000. सप्टेंबर ते नोव्हेंबर तीन महिने 6,90,000. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी 5,70,000. मार्च 6,30,000. बेरीज 76,60,000. गुणिले 7.1, भागिले 1200, म्हणजे 45,321 रुपये 67 पैसे. पासबुकात 45,322. जुळलं.

मार्चचे 60,000 मोजले गेले, कारण ते 5 तारखेलाच जमा झाले होते. पाच तारीख धरून. पण पाच तारखेला रविवार किंवा सुट्टी आली तर सवलत नाही, हे मनात ठेवा. 5 एप्रिल 2026ला रविवार आहे, आणि 1 एप्रिलला बँकांचं वार्षिक हिशोबाचं काम असतं. वर्षाची पूर्ण रक्कम एकदम एप्रिलमध्ये भरणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं, कारण दीड लाखाचं एका महिन्याचं व्याज 7.1 टक्क्यांनी 887 रुपये होतं.

जुनी वर्षं तपासायची असतील तर एक खबरदारी घ्या. सरकार दर तिमाहीला व्याजदर जाहीर करतं आणि तो वर्षाच्या मध्येच बदलू शकतो. 2019-20मध्ये एप्रिल ते जून 8 टक्के होता आणि जुलैपासून मार्चपर्यंत 7.9. अशा वर्षी बारा महिन्यांची एकच बेरीज करू नका. ज्या महिन्यांचा दर सारखा त्यांची वेगळी बेरीज, त्या त्या दराने वेगळं व्याज आणि शेवटी दोन्ही मिळवायचं.

एवढं करूनही जुळलं नाही, तर बँकेशी भांडायच्या आधी दोन ठिकाणी बघा. एक, एप्रिलची शिल्लक. गेल्या वर्षीचं व्याज 31 मार्चचंच धरलं जातं, छपाई चार दिवस उशिरा झाली तरी. एप्रिलच्या आकड्यात ते असायलाच हवं. दुसरं, दीड लाखाची मर्यादा. स्वतःचं खातं आणि तुम्ही पालक असलेल्या अज्ञान मुलाचं खातं, दोन्हीत तुम्ही भरलेली रक्कम मिळून ही मर्यादा आहे. जास्त भरलं तर जास्तीच्या रकमेवर व्याज मिळत नाही.

आणि खरंच बँक चुकली तर? माझ्या मावशीच्या खात्यावर असंच झालं. फरक आला 296 रुपये. 5.92ने भागलं, 50. तिने वर्षात एकदाच 50,000 भरले होते, नोव्हेंबरमध्ये, काउंटरवर रोख. पासबुकात तारीख 5, तिच्याकडच्या पावतीवर शिक्का 5 तारखेचा. पण बँकेच्या हिशोबात ती रक्कम 6 तारखेची धरली गेली होती. आम्ही अर्जात व्याज कमी आलं एवढंच लिहिलं नाही. महिना लिहिला, रक्कम लिहिली, पावतीची झेरॉक्स जोडली आणि 296 रुपये कसे आले ते दोन ओळींत मांडलं. काउंटरवरच्या बाईंनी पहिल्या भेटीत ऐकून घेतलं, दुसऱ्या भेटीत वरच्या साहेबांना दाखवलं आणि दीड महिन्याने पैसे जमा झाले. मावशी दोन्ही वेळा रिक्षाने गेली होती. रिक्षाचे किती झाले, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.