मुलाखतीनंतर सात महिन्यांनी लिहिलेले पत्र

मित्रहो, मुलाखत झाली, निवड झाली नाही, पुढे दुसरीकडे नोकरी लागली, आणि तरीही काही महिन्यांनी त्या मुलाखतकाराला पत्र लिहायचे, हा आजचा विषय आहे. त्यातही मी एकच प्रसंग घेणार आहे: नकार कळवताना ज्यांनी वेळ काढून आपले नेमके कुठे कमी पडले ते सांगितले, त्यांना लिहायचे पत्र. मी स्वतः बरीच वर्षे मुलाखती घेत आलो आहे. उमेदवार खोलीबाहेर पडला की त्याची गोष्ट आमच्यापुरती तिथेच थांबते, आणि आपण सांगितलेले त्याच्या उपयोगी पडले की नुसतेच लागले, हे आम्हाला बहुधा कधीच कळत नाही. लगेच पाठवलेल्या आभारपत्रातूनही ते कळत नाही, कारण तोवर सल्ल्याचे काही झालेलेच नसते.

माझ्या ओळखीतल्या एका तरुणीने डेटा अ‍ॅनालिस्टच्या पदासाठी मुलाखत दिली होती. नकारानंतर मुलाखतकारांनी तिला फोनवर सांगितले, “तुमचे उत्तर बरोबर होते, पण प्रश्न ऐकताच तुम्ही डेटाबेसमधून आकडा काढायची क्वेरी लिहायला घेतलीत, तो आकडा कोणाला आणि कशासाठी हवा आहे, हे विचारले नाहीत.” पुढे ती दुसऱ्या कंपनीत रुजू झाली आणि मुलाखतीला सात महिने झाल्यावर तिने पत्राचा मसुदा मला दाखवला. त्यात मनापासूनचे आभार होते, “आपले मार्गदर्शन मोलाचे ठरले” असे वाक्य होते, “आपल्याकडे संधी मिळाली नाही, तरी” अशी सुरुवात होती आणि शेवटी “भविष्यात योग्य जागा असल्यास जरूर कळवावे” अशी विनंती होती.

या मसुद्यातली दोन वाक्ये घातक होती. सुरुवातीच्या त्या “तरी”मध्ये नकळत तक्रार उमटते. शेवटच्या विनंतीमुळे तर अख्खे पत्र अर्ज होऊन बसते, आणि वाचणाऱ्याला वाटते की आधीचे आभार याच्यासाठीच होते. तिसरा दोष सौम्य, पण नेहमी दिसणारा: “मोलाचे मार्गदर्शन” हे कोणालाही लिहिता येते, त्यामुळे ते कोणालाच लिहिल्यासारखे वाटत नाही. मी तिला विचारले, त्या सल्ल्याचा उपयोग झाला असा एखादा दिवस आठवतो का? तिला लगेच आठवला. मग पत्र असे झाले:

“नमस्कार सर, मार्च महिन्यात डेटा अ‍ॅनालिस्टच्या पदासाठी आपण माझी मुलाखत घेतली होती. आकडा कशासाठी हवा आहे हे मी विचारले नाही, असे आपण नंतर फोनवर सांगितले होते. गेल्या महिन्यात मला ‘सक्रिय ग्राहक’ किती, असा प्रश्न आला. या वेळी आधी विचारले, तेव्हा कळले की एक विभाग तीस दिवसांत लॉगिन केलेल्यांना सक्रिय म्हणतो आणि दुसरा नव्वद दिवसांत खरेदी केलेल्यांना. व्याख्या ठरवून मगच क्वेरी लिहिली. आपले ते वाक्य त्या वेळी आठवले, म्हणून हे पत्र. जूनपासून मी दुसऱ्या कंपनीत याच पदावर काम करते आहे. आपली हरकत नसेल, तर अधूनमधून लिहीत जाईन. उत्तराची घाई नाही.”

नव्या नोकरीची बातमी इथे एका वाक्यात, कसलीही तुलना न करता आली आहे. उदाहरण नव्या कार्यालयातले असल्यामुळे कंपनीचा खरा आकडा, ग्राहकाचे नाव किंवा अंतर्गत वाद त्यात येऊ द्यायचा नाही. तिच्या पत्रातून फक्त व्याख्येतला फरक कळतो.

पाठवताना तिने जुन्या ईमेललाच उत्तर दिले, म्हणजे मुलाखतीची वेळ ठरवतानाचा पत्रव्यवहार खाली आपोआप दिसतो आणि ओळख पटवायला वेगळा परिच्छेद लागत नाही. मात्र त्या जुन्या ईमेलमध्ये मनुष्यबळ विभागाचाही पत्ता होता, तो तिने काढला. हे मी आग्रहाने सांगतो. पुष्कळ कंपन्या नकाराची कारणे उमेदवाराला सांगू नयेत असे मुलाखतकारांना बजावतात, आणि तरीही एखादा माणूस आपुलकीने सांगतो. त्याचे आभार चार जणांसमोर मानले, तर त्यालाच स्पष्टीकरण द्यावे लागू शकते. ईमेल परत आले, म्हणजे बहुधा त्यांनीही नोकरी बदलली असेल, तर व्यावसायिक ओळखीच्या संकेतस्थळावर हेच थोडक्यात लिहावे, पण तिथेही खासगी संदेशातच.

तिला चार दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले. ती व्याख्या शेवटी कोणत्या विभागाची मान्य झाली, असे त्यांनी विचारले होते. तिने दुसऱ्याच दिवशी कळवले की दोन्ही ठेवल्या आणि अहवालात त्यांना वेगवेगळी नावे दिली. पुढचे पत्र तिने पाच महिन्यांनी लिहिले, त्यांच्या प्रश्नाशी जुळणारे दुसरे काही हाती लागले तेव्हा.