कीर्द, खतावणी आणि ताळा

मंडळी, घरखर्चाची शीट पहिल्यांदा मांडताना बहुतेक जण वर एप्रिल, मे, जून लिहितात, डावीकडे किराणा, दूध, लाईट बिल लिहितात आणि चौकोनात आकडे भरत जातात. किराण्याच्या चौकोनात आधी 3450 असतात. आठवड्याने आणखी 620 रुपयांचं सामान येतं आणि तिथे 4070 लिहिलं जातं. महिनाअखेरीला त्या 4070 मध्ये काय काय होतं, हे कुणालाच सांगता येत नाही. एखादी रक्कम दोनदा धरली गेली असेल तर तीही सापडत नाही.

आपल्या बेळगावच्या बाजारपेठेत जुन्या दुकानदारांच्या दोन वह्या असायच्या. रोजच्या व्यवहाराची कीर्द आणि तीवरून खात्यावार उतरवलेली खतावणी. शीटमध्येही तेच करायचं. फरक एवढाच की खतावणी हाताने लिहायची नाही, ती सूत्राने भरते.

गूगल शीट्स उघडल्यावर एक अक्षरही लिहिण्याआधी `File` मधल्या `Settings` मध्ये जा आणि `Locale` पुढे `India` आहे का बघा. तिथे `United States` असेल तर यंत्र महिना आधी आणि दिवस नंतर वाचतं. तुम्ही 05/04/2025 लिहिता ते 5 एप्रिल म्हणून, ते समजतं 4 मे. म्हणजे 5 ते 12 एप्रिलचा खर्च मे ते डिसेंबरमध्ये विखुरतो, आणि 13 तारखेपासून पुढच्या तारखा त्याला कळतच नाहीत, त्या नुसता मजकूर होऊन बसतात. नंतर सेटिंग बदलून आधीच्या चुकलेल्या तारखा सुधारत नाहीत, त्या पुन्हा लिहाव्या लागतात. म्हणून हे काम आधी. ओळखायची खूणही सोपी आहे. खरी तारीख चौकोनात आपोआप उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे राहतो.

पहिल्या पानाला `कीर्द` नाव द्या. रकाने पाच: A मध्ये तारीख, B मध्ये तपशील, C मध्ये गट, D मध्ये रक्कम, E मध्ये पैसे कसे दिले ते. पहिल्या ओळीत ही नावं, आणि दुसऱ्या ओळीपासून एका खर्चाला एक ओळ. रविवार पेठेतून किराणा आणला आणि परतताना गणपत गल्लीत भाजी घेतली तर ओळी दोन. रकमेच्या रकान्यात फक्त इंग्रजी अंक हवेत. `450/-` लिहिलं की तो मजकूर झाला आणि बेरीज त्याला वगळून पुढे जाते, तेही मुकाट्याने. फोनवर मराठी कळफलक चालू राहिला असेल तर अंकही मराठी उमटतात, तिकडे लक्ष ठेवा.

गट मात्र टाइप करायचा नाही, यादीतून निवडायचा. C रकाना निवडून `Data` मधलं `Data validation` उघडा आणि गटांची यादी द्या. आपल्याकडे हे जास्तच गरजेचं आहे. एकाच घरात कुणी दूध लिहितं, कुणी सवयीने कन्नडातलं हालू लिहितं. घरातल्या सगळ्यांना ते एकच असतं, यंत्राला ती दोन वेगळी खाती वाटतात. तपशिलात कन्नड लिहा, मराठी लिहा, काहीच अडत नाही. गटाचा शब्द तेवढा एकच असू द्या. आठ गट पुरतात: किराणा, दूध, भाजी, भाडे, लाईट-पाणी-गॅस, शाळा, दवाखाना-प्रवास, इतर. वीस केलेत तर प्रत्येक नोंदीला विचार करावा लागतो आणि पंधरा दिवसांत लिहिणंच थांबतं.

दुसरं पान `खतावणी`. A2 ते A9 मध्ये ते आठ गट, यादीत आहेत अगदी तसेच. B1 मध्ये 01/04/2025 ही तारीख आणि C1 मध्ये `=EDATE(B1,1)`, तेच M1 पर्यंत ओढा. तिथे 45778 असा आकडा दिसला तर घाबरू नका, ती 1 मे 2025 आहे. चौकोनाचा प्रकार तारीख केला की नीट दिसते. आता B2 मध्ये हे सूत्र:

```
=SUMIFS('कीर्द'!$D$2:$D$2000,'कीर्द'!$C$2:$C$2000,$A2,'कीर्द'!$A$2:$A$2000,">="&B$1,'कीर्द'!$A$2:$A$2000,"<"&EDATE(B$1,1))
```

अर्थ असा: गट A2 चा आणि तारीख 1 एप्रिलपासून 1 मेच्या आधीपर्यंत, अशा ओळींच्या रकमा मिळवा. हे M9 पर्यंत ओढा. दहाव्या ओळीत महिन्याची बेरीज, B10 मध्ये `=SUM(B2:B9)`.

इथवर पुष्कळ जण येतात आणि थांबतात. माझ्या मते खरं काम पुढच्या दोन चौकोनांत आहे. B12 मध्ये ताळा:

```
=SUM('कीर्द'!$D$2:$D$2000)-SUM(B2:M9)
```

उत्तर शून्यच यायला हवं. समजा एप्रिल संपला, कीर्दीची बेरीज 18,640 आहे, खतावणीत 17,500 दिसतात आणि ताळा 1,140 दाखवतो. आधी 1,140 ची एकच ओळ आहे का ते शोधा. नाही सापडली तर A रकान्यावरून नजर फिरवा. एक तारीख डावीकडे चिकटलेली दिसते: 31/04/2025, गॅस, 860. एप्रिलला एकतिसावा दिवसच नाही, म्हणून तो मजकूर झाला. उरले 280. कीर्दीला फिल्टर लावून गटांची नावं बघा, तर भाजी आहे आणि खाली एक भाजीपालाही आहे. दुसरीकडून चिकटवलेली ओळ यादीचा पहारा चुकवून आत येते. दोन्ही दुरुस्त केलं की ताळा शून्य.

पण `450/-` ची चूक या ताळ्याला कळत नाही, कारण ती रक्कम दोन्ही बेरजांतून सारखीच गळते. त्यासाठी B13:

```
=COUNTA('कीर्द'!$D$2:$D$2000)-COUNT('कीर्द'!$D$2:$D$2000)
```

भरलेल्या चौकोनांतून खरे आकडे वजा केले. 2 आलं तर दोन रकमा मजकूर झाल्यात.

काही चुका मात्र दोन्ही चौकोनांना दिसत नाहीत, त्या लिहिणाऱ्यानेच टाळायच्या. एटीएममधून 5,000 काढले तर तो खर्च नव्हे, पैसा फक्त बँकेतून खिशात आला. तो लिहिलात आणि नंतर भाजीही लिहिलीत तर एकच पैसा दोनदा गेला. दुकानात उधारीचं खातं असेल तर एकतर सामान आणल्या दिवशी लिहा, नाहीतर पैसे चुकते केल्या दिवशी. दोन्हीकडे नको. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 ही जमा आहे, ती उणे रक्कम म्हणून खर्चात घुसवू नका, नाहीतर ज्या गटात घालाल तो खोटा कमी दिसेल. आणि गृहज्योती योजनेमुळे हेस्कॉमचं लाईट बिल शून्य आलं तरी 0 ची ओळ लिहाच. खतावणीत लिहायचं राहिलं तरी शून्य आणि बिल शून्य आलं तरी शून्यच दिसतं. कीर्दीत ओळ असली की दोन्हींतला फरक कळतो.

पुढच्या वर्षी नवीन मांडणी नको. फाइलची प्रत काढा, कीर्दीतल्या ओळी पुसा, मात्र रांगा काढून टाकू नका, नाहीतर सूत्रातला 2000 आक्रसतो. मग B1 मध्ये 01/04/2026 लिहा, बाकी अकरा महिने आपोआप सरकतात.