केशरी किती केशरी? सोलापुरी टॉवेल आणि स्क्रीनवरचा रंग

[दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कारखाना. मागांचा खडखडाट. खिडकीशेजारच्या टेबलावर केशरी टॉवेल, बाजूला लॅपटॉप.]

सोलापूरचा टॉवेल आणि चादर आता मोबाइलवर बघून घेतली जाते. गिऱ्हाईक कापडाला हात लावत नाही, फक्त रंग बघतं. तो रंग स्क्रीनवर येतो सहा अक्षरांच्या कोडमधून, म्हणजे हेक्समधून.

या कारखान्यात ऑनलाइन कॅटलॉगचं काम मालकांची पुतणी बघते. केशरी टॉवेलसाठी तिने इंटरनेटवर सगळीकडे सापडणारा कोड टाकला: #FF9933. स्क्रीनवर चौकोन उमटला, आणि टॉवेल शेजारी धरल्यावर दोन्हींचं जमेना.

"काका, हा पिवळट दिसतोय की. आपला टॉवेल एवढा फिका नाही."

"आधी पांढरा टॉवेल आण बघू. शेजारी पांढरं असल्याशिवाय शेड बघायची नाही."

काकांच्या या एका वाक्यात या प्रश्नाचं जवळजवळ सगळं उत्तर आहे.

[दृश्य: स्क्रीनवर #FF9933, तीन जोड्या वेगळ्या होतात.]

आधी कोड वाचून घेऊ. पहिली जोडी लाल उजेडाची, दुसरी हिरव्या, तिसरी निळ्या. प्रत्येक जोडी ० ते २५५ पर्यंत जाते. FF म्हणजे २५५, लाल पूर्ण. 99 म्हणजे १५३ आणि 33 म्हणजे ५१. लाल पूर्ण ठेवून हिरवा वाढवत नेला की रंग केशरीकडून पिवळ्याकडे सरकतो. पुतणीला पिवळट वाटत होतं ते या मधल्या 99 मुळे.

मग खरा केशरी कोणता? हळदीला किंवा मेहंदीला सरकारी माप नाही, पण एका केशरीला आहे. राष्ट्रध्वजाचं कापड कसं असावं हे आयएस १ या भारतीय मानकात लिहिलंय आणि त्यात केशरीचं मापही आहे. तिथे हेक्स नाही, तीन आकडे आहेत: ०.५३८, ०.३६० आणि २१.५. पहिले दोन आकडे रंगाच्या नकाशावरची जागा सांगतात. तिसरा सांगतो की कापडावर पडलेल्या उजेडापैकी २१.५ टक्के उजेड परत येतो.

आता #FF9933 चा हिशोब करू. स्क्रीनवरच्या शुद्ध पांढऱ्याचा उजेड १०० धरला, तर या कोडचा उजेड ४४ भरतो. म्हणजे ध्वजाच्या कापडाच्या दुप्पट! एवढा फरक असताना दोन्ही एकसारखे दिसणं शक्यच नाही.

मानकातले आकडे सरळ गणित करून हेक्समध्ये आणले तर काय मिळतं? मानकातलं माप ज्या पांढऱ्या उजेडात घेतलंय तो स्क्रीनच्या पांढऱ्यापेक्षा जरासा निळसर आहे, तेवढा फरक जुळवून घ्यावा लागतो. उत्तर येतं साधारण #D55833.

[दृश्य: स्क्रीनवर #D55833 चा मोठा चौकोन. विटकरी छटा.]

हा तर विटकरी दिसतोय! गणित बरोबर आहे, तरी डोळा याला केशरी म्हणत नाही. घोटाळा पांढऱ्याचा आहे.

त्याच मानकात ध्वजाच्या पांढऱ्या पट्ट्याचंही माप आहे, आणि त्याचा उजेड ७२.६ टक्के आहे. कापडाचा पांढरा १०० कधीच नसतो. ध्वज बघताना आपण केशरी पट्टा शेजारच्या ७२.६ च्या पांढऱ्याशी ताडून बघतो. स्क्रीनवर मात्र त्याच्या शेजारी १०० चा झगझगीत पांढरा उभा राहतो. त्याच्यापुढे २१.५ चा केशरी मळकट वाटणारच.

म्हणून कापडाच्या पांढऱ्यालाच १०० धरायचं आणि केशरी त्याच प्रमाणात वाढवायचा. २१.५ भागिले ७२.६, म्हणजे जवळपास ३० टक्के. हे केलं की कोड येतो साधारण #F6673C. विटकरीपणा गेला, पिवळटपणाही नाही. ध्वजाच्या केशरीसाठी अलीकडे बऱ्याच ठिकाणी #FF671F हा कोड दिसतो. दोन्हींतली मधली जोडी 67 च आहे. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण इथे कापडाचं माप आणि स्क्रीनचा कोड पहिल्यांदा एकमेकांच्या जवळ येतात.

[दृश्य: खिडकीची सावली. पुतणी केशरी आणि पांढरा टॉवेल शेजारी शेजारी मांडते.]

टॉवेलला ध्वजासारखं छापील माप नाही, पण रीत हीच लागू पडते. पुतणी दोन्ही टॉवेल खिडकीजवळ ठेवते. थेट ऊन नको, ट्यूबलाइट बंद. नुसता केशरी टॉवेल चौकट भरून टाकला की मोबाइलचा कॅमेरा त्याचाच केशरीपणा कमी करायला बघतो, फोटोत निळसरपणा घालतो आणि रंग मरतो. शेजारी पांढरा असला की फोटो सुधारताना त्या पांढऱ्यावर बोट ठेवून सांगता येतं, की हा पांढरा आहे. पांढरा टॉवेलही बघून घ्यावा लागतो. नीळ किंवा चमक आणणारं रसायन दिलेला असेल तर तो उन्हाच्या उजेडात निळसर चमकतो, आणि मग केशरी आहे त्यापेक्षा पिवळा ठरतो.

[दृश्य: टॉवेलचा अगदी जवळून फोटो. सुताचे फासे, मधल्या काळोख्या फटी.]

आता टॉवेलच्या फाशांकडे जवळून बघा. एकेका फाशाचा माथा उजळ आहे, मुळाशी जवळजवळ तपकिरी सावली आहे. फोटोतल्या एकाच ठिपक्यावरून कोड उचलला तर माथ्यावर एक येईल आणि फटीत भलताच. म्हणून हातभर लांबून दिसतो तेवढ्या भागाची सरासरी घ्यायची. टॉवेलच्या टोकाला सपाट विणीची पट्टी असते. सूत तेच, डाइंगचा लॉटही तोच, तरी पट्टी फिकी दिसते, कारण तिथे उजेड अडकायला फटी नाहीत. कॅटलॉगला फाशांचा रंग द्यायचा, गिऱ्हाईक तोच बघतं.

हळदीचं दुखणं निराळं आहे. हळदीतलं कर्क्युमिन निळा उजेड खाऊन टाकतं, त्यामुळे कोडमधली शेवटची जोडी अगदी लहान येते. आमच्या नमुन्याला #E2A818 च्या आसपास जुळलं. पण हा कोड कोरड्या पुडीचा. त्याच हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू तसंच तर करतात. आणि खऱ्या हळदीत रंगवलेलं कापड उन्हात लवकर उडतं. बाजारात 'हळदी' म्हणून मिळणारा टॉवेल रासायनिक रंगाचा असतो, म्हणून तो टिकतो.

मेहंदीला तर दोन कोड लागतातच. कापडबाजारात मेहंदी म्हटलं की गडद, पिवळसर हिरवा, भिजवलेल्या पाल्याचा: साधारण #5E5C22. हातावर रंगलेली मेहंदी आधी नारिंगी असते आणि दिवस-दोन दिवसांत तपकिरीकडे जाते: #8C3F1A सारखी. कॅटलॉगमध्ये नुसतं 'मेहंदी' लिहिलं आणि लग्नघरातून तपकिरीची अपेक्षा आली, तर पार्सल परत येणार. पुतणी आता 'मेहंदी हिरवा' असंच लिहिते.

[दृश्य: काका कात्रीने टॉवेलचा तुकडा कापतात, कागदाला पिन मारतात.]

पुढच्या लॉटसाठी डाइंगवाल्याकडे मात्र हा कोड जात नाही, तुकडाच जातो. वेगवेगळ्या रंगांच्या मिश्रणातून रंगवलेली दोन सुतं खिडकीच्या उजेडात हुबेहूब जुळतात आणि ट्यूबलाइटखाली वेगळी पडतात. हेक्समध्ये एकाच उजेडातली नोंद असते. तुकडा रंगाऱ्याला दोन्हीकडे धरून बघता येतो: आधी दारात, मग आत दिव्याखाली.