घर, गाडी आणि चार्जर : रूटीन संपते तेव्हा काय होते

गेल्या पावसाळ्यातल्या एका रात्रीपासून सुरुवात करतो. माझ्या फोनमध्ये मी एक साधे रूटीन करून ठेवले होते : चार्जर लावला की फोनचा आवाज बंद व्हावा, आणि चार्जर काढला की तो पूर्ववत व्हावा. मी रात्री झोपतानाच फोन चार्जिंगला लावत असल्यामुळे हे पुरेसे आहे, असे मला वाटत होते आणि कित्येक महिने ते सुरळीत चाललेही. त्या रात्री आईला ताप होता, मी तिच्याच खोलीत झोपलो होतो आणि पहाटे तीनच्या सुमारास आमच्या भागातली वीज गेली. वीज गेल्याबरोबर फोनच्या लेखी चार्जर निघाला, रूटीन संपले आणि आवाज परत सुरू झाला. थोड्या वेळाने कोणाचा तरी चुकून लागलेला फोन खणखणला आणि नुकताच डोळा लागलेली आई दचकून उठली. तिला पुन्हा झोप लागायला सकाळ झाली. रूटीनमध्ये बिघाड काहीच नव्हता, त्याने सांगितलेले काम चोख केले होते. चूक माझ्या मांडणीत होती. त्या रात्रीनंतर मी या विषयाकडे नीट लक्ष दिले, आणि रूटीन सुरू कसे होते यापेक्षा ते संपते कसे, हाच आजच्या बोलण्याचा मुख्य धागा ठेवला आहे.

उदाहरणासाठी मी सॅमसंगचा गॅलेक्सी फोन घेतो, कारण त्यात ही सोय फोनसोबतच येते आणि आपल्याकडे तो अनेकांच्या हातात आहे. गॅलेक्सी एस१० सोबत २०१९ मध्ये ती `Bixby Routines` या नावाने आली आणि २०२२ च्या वन यूआय ५ या सॅमसंगच्या सॉफ्टवेअरपासून सेटिंग्जमध्ये `Modes and Routines` या नावाने दिसते. आत नवे रूटीन सुरू केले की दोन रकाने समोर येतात. `If` मध्ये अट आणि `Then` मध्ये कृती. घरच्या वाय-फायला जोडले जाणे, एखादे ब्लूटूथ उपकरण जोडले जाणे, चार्जिंग सुरू असणे, ठरावीक वेळ या सगळ्या अटी तिथे मिळतात, आणि एकाहून अधिक अटी एकत्रही लावता येतात. दहा मिनिटांत कोणीही पहिले रूटीन तयार करू शकतो, म्हणून त्या पायऱ्यांवर मी अधिक वेळ घालवत नाही.

खरा विचार करायचा तो अटीच्या स्वरूपाचा. काही अटी म्हणजे क्षण असतात : एखादा मेसेज आला, एखादी वेळ झाली. क्षण घडतो आणि सरतो. काही अटी मात्र स्थिती असतात : चार्जर लावलेला आहे, गाडीचे ब्लूटूथ जोडलेले आहे, फोन घरच्या वाय-फायवर आहे. स्थितीला सुरुवात असते तसा शेवटही असतो, आणि शेवट झाला की रूटीनने बदललेल्या सेटिंग्ज साधारणपणे आधीच्या जागी परत जातात. ही परतफेड सोयीची असते, पण तिच्यामुळेच बहुतेक घोटाळे होतात, कारण अट सुरू होण्याचा अर्थ आपण नीट ठरवलेला असतो आणि अट संपण्याचा अर्थ मात्र ठरवलेलाच नसतो. चार्जर लागला म्हणजे मी झोपायला निघालो, हे माझ्या घरात खरे होते. पण चार्जर निघाला म्हणजे मी उठलो, हे कधीच खरे नव्हते. वीज जाऊ शकते, वायर सैल होऊ शकते, दुसऱ्या कोणाला चार्जर हवा असू शकतो.

घरी पोहोचल्याचे फोनला कळते ते दोन मार्गांनी. पहिला मार्ग जागेचा : नकाशावर घर निवडायचे, त्याभोवती वर्तुळ आखायचे, आणि फोन त्या वर्तुळात शिरला की रूटीन सुरू. हे वर्तुळ फार लहान ठेवता येत नाही. अँड्रॉइड ॲप तयार करणाऱ्यांना गूगलने जी मार्गदर्शिका दिली आहे, तीत वर्तुळाची त्रिज्या किमान १०० ते १५० मीटर ठेवा, असे सांगितले आहे. शिवाय अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, ॲप समोर उघडे नसताना त्याला जागा विचारण्यावर मर्यादा आहे, त्यामुळे वर्तुळ ओलांडल्याचे कळायला सरासरी दोन-तीन मिनिटे लागतात आणि फोन बराच वेळ एका जागी पडून असेल तर आणखीही उशीर होतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात उभे असतानाच फोन तुम्हाला घरी आलेले समजू शकतो, आणि उलट, घरात शिरून चपला काढून पाणी पिऊन झाले तरी त्याला पत्ता लागलेला नसतो. दिवा लावणे किंवा गीझर सुरू करणे यांसारख्या, थोडे आधी किंवा उशिरा झाले तरी चालेल अशा कामांना जागेची अट पुरते.

दुसरा मार्ग घरच्या वाय-फायचा, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मी तोच सुचवतो. घराच्या भिंतींशी त्याचा मेळ जास्त जवळचा असतो आणि फोन नेटवर्कला जोडला गेला की रूटीन लगेच सुरू होते. पण त्याच्याही दोन खोडी लक्षात ठेवाव्या लागतात. अनेक राउटर दोन वेगवेगळ्या नावांची नेटवर्क देतात, एक २.४ गिगाहर्ट्झचे आणि एक ५ गिगाहर्ट्झचे. तुम्ही रूटीनमध्ये एकाचेच नाव घातले असेल, तर हॉलमधून आतल्या खोलीत गेल्यावर फोन दुसऱ्या नेटवर्कवर सरकतो आणि रूटीनच्या हिशेबी तुम्ही घर सोडलेले असता. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना एकच नाव देणे हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय. दुसरी खोड पुन्हा विजेचीच : वीज गेली की राउटर बंद, राउटर बंद झाला की फोन म्हणतो, तुम्ही बाहेर पडलात. ज्यांच्या घरी राउटर इन्व्हर्टरवर आहे त्यांना हे जाणवत नाही. ज्यांच्याकडे तशी सोय नाही त्यांनी घर सोडण्यावर कोणतेही गंभीर काम, उदाहरणार्थ दारावरचा कॅमेरा चालू-बंद करणे, फक्त वाय-फायच्या भरवशावर टाकू नये.

आता गाडी. गाडीच्या ब्लूटूथची अट सगळ्यांत भरवशाची, कारण गाडी सुरू झाली की ते जोडले जाते आणि बंद केली की तुटते. पण इथे दोन रूटीन एकमेकांवर चढतात, आणि तो प्रसंग मी आकड्यांनिशी सांगतो. समजा, बाहेर वावरताना तुमच्या रिंगचा आवाज १५ पैकी ७ वर आहे. घरचे रूटीन तो १२ करते, म्हणजे स्वयंपाकघरातही ऐकू यावा. रूटीन सुरू होताना त्याने जुना आकडा, ७, लक्षात ठेवलेला आहे. सकाळी तुम्ही खाली पार्किंगमध्ये येता. घर पहिल्या मजल्यावर असल्यामुळे वाय-फाय अजून पकडते आहे. गाडी सुरू होते, गाडीचे रूटीन सुरू होते आणि रिंग १५ करते. त्याने लक्षात ठेवलेला जुना आकडा मात्र १२ आहे. गाडी फाटकाबाहेर पडते, वाय-फाय सुटते, घरचे रूटीन संपते आणि रिंग ७ वर आणून ठेवते, जेव्हा तुम्हाला खरे तर १५ हवे होते. पुढे कचेरीत पोहोचून गाडी बंद केली, की गाडीचे रूटीन संपते आणि आपल्याजवळचा जुना आकडा परत देते, म्हणजे १२. बैठकीत बसलेले असताना तुमचा फोन घरच्या आवाजात वाजतो, आणि तुम्ही मात्र सेटिंगला हातही लावलेला नसतो.

प्रत्येक ॲप हा पेच सारख्याच रीतीने सोडवते असे नाही, पण जिथे प्रत्येक रूटीन आपापली जुनी नोंद सांभाळते तिथे हे घडणारच. त्यावर मी एक नियम पाळतो आणि तो मला पुरला आहे : एका सेटिंगचा मालक एकच रूटीन. रिंगचा आवाज फक्त घरच्या रूटीनच्या ताब्यात. गाडीच्या रूटीनने रिंगला शिवायचेच नाही. त्याने मीडियाचा आवाज वाढवावा, म्हणजे नकाशाची वाट सांगणारी वाणी ऐकू येईल, स्क्रीन आपोआप फिरणे सुरू करावे आणि नकाशा उघडावा. दोन रूटीन एकाच वेळी चालू राहिली तरी मग ती एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. गाडीबाबत आणखी एक गोष्ट दुचाकी-चारचाकी एकाच पार्किंगमध्ये असलेल्या घरांनी तपासावी. घरातले दुसरे कोणी गाडी घेऊन निघाले आणि तुमचा फोन वर टेबलावर असला, तरी तो गाडीच्या ब्लूटूथला जोडला जाऊ शकतो. तेव्हा गाडीच्या रूटीनमध्ये घरचे वाय-फाय तुटलेले असण्याची अटही जोडावी. फाटकाबाहेर पडेपर्यंत काही सेकंद उशीर होईल, पण तुम्ही घरात बसलेले असताना फोनवर नकाशा उघडणार नाही.

रात्रीची मांडणी मी आता अशी बदलली आहे. आवाज बंद ठेवण्याचे काम वेळेकडे दिले : रात्री ११ ते सकाळी ६, आणि त्यात जवळच्या चार माणसांच्या फोनला मुभा. चार्जरकडे फक्त तीच कामे ठेवली जी मध्येच उलटली तरी कोणाची झोप मोडणार नाही, जसे की स्क्रीनचा उजेड कमी करणे. या वर्षी पावसाळ्यात वीज अनेकदा गेली, पण फोन रात्री वाजला नाही.

आयफोन वापरणाऱ्यांसाठी एक फरक सांगतो. तिथे `Shortcuts` ॲपमध्ये २०१९ च्या आयओएस १३ पासून `Automation` आहे आणि घरी पोहोचणे, कारप्ले जोडले जाणे, चार्जर लागणे या अटी मिळतात. पण त्या क्षणासारख्या चालतात. अट संपल्यावर सेटिंग आपणहून मागे जात नाही. चार्जर लागल्यावर काय आणि निघाल्यावर काय, ही दोन ऑटोमेशन्स तुम्हालाच करावी लागतात, आणि दुसऱ्यात आकडा स्वतः लिहावा लागतो, कारण आधी काय होते ते त्याला ठाऊक नसते. मला ही पद्धत कष्टाची पण स्वच्छ वाटते : शेवट काय व्हावा, हे तिथे टाळताच येत नाही.

रूटीन केल्यावर त्याची परीक्षा घरीच घ्यावी. राउटरचे बटण बंद करा, फोन हातात धरून पाच मिनिटे बसा आणि कोणत्या सेटिंग्ज बदलल्या ते कागदावर लिहा. मग राउटर सुरू करून पुन्हा पाहा. चार्जर लावा, काढा, लगेच परत लावा. गाडीत बसून ती सुरू करा, बाहेर न पडता बंद करा. चालू असलेली रूटीन्स फोनच्या `Modes and Routines` मध्येच दिसतात, त्यामुळे कोणते अजून सुरू आहे तेही कळते. दरवेळी शेवटी रिंगचा आकडा पाहा. तो सुरुवातीला होता तिथेच आला नसेल, तर दोन रूटीन एकाच सेटिंगला हात घालत आहेत असे समजा, आणि कोणाचा हात काढायचा ते त्या कागदावरून ठरवा.