ओठ सुजलेत, पण आवाज कसा आहे?

[दृश्य : सोयाबीनचं रान. काढणी चालू आहे.]

औसा तालुक्यातलं शिवार. सोयाबीन काढणीला आलं की इथं कुणाला बसायला सवड नसते. उजाडायच्या आत हातात विळा, आणि दिवस मावळेपर्यंत कंबर वाकलेली. रात्री अंथरुणाला पाठ लागत नाही, मग गावातल्या मेडिकलवरून गोळी येते. चिठ्ठी लागत नाही, "अंगदुखीची द्या" एवढं म्हटलं की भागतं. ही गोळी बहुतेक वेळा डायक्लोफिनॅकची नाहीतर आयब्युप्रोफेनची असते, बरेचदा त्यात पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं.

[दृश्य : ओसरी. दिव्याच्या उजेडात एका बाईचा चेहरा, जवळून.]

या बाईंनी जेवून तशीच एक गोळी घेतली. तासाभरात तळहात खाजायला लागले. मग मांड्या, पोट, पाठ. जिथं खाजवावं तिथं लालसर गांधी, मधे फिकट आणि कडेला लाल. अर्ध्या तासानं वरचा ओठ सुजून पुढं आला आणि उजवा डोळा पार मिटला.

सासूबाई घाबरल्या. "आगं बया, तोंड कसं झालंय हिचं!" एकीनं आमसूल भिजत घातलं, दुसरीनं गेरू उगाळला, कुणी घोंगडी आणली. घरोघरचे हे उपाय आहेत आणि थंड आमसुलाच्या पाण्यानं खाजेला थोडा आराम पडतोही. त्यावर हसायचं कारण नाही. पण घरातला प्रत्येक जण त्या ओठाकडं बघतोय. कुणी अजून तिला बोलतं केलेलं नाही.

[दृश्य : प्राथमिक आरोग्य केंद्र. डॉक्टर टेबलापलीकडून विचारतात.]

"ताई, माझ्यामागं म्हणा, एक, दोन, तीन... एका दमात दहापर्यंत."

बाई म्हणतात. आवाज नेहमीचाच. घोगरा नाही, तोंडात काही कोंबल्यासारखा नाही. दम मधे तुटत नाही. थुंकी गिळायला त्रास नाही. पोटात कळ नाही, उलटी नाही. उठून उभं राहिलं तर डोळ्यांपुढं अंधारी येत नाही. डॉक्टर छातीला नळी लावतात, शिट्टीसारखा आवाज नाही. बीपी १२४ वर ८०.

एवढं सुजलेलं तोंड, आणि डॉक्टर सेट्रिझिनची गोळी देऊन बाकावर बसवून ठेवतात. नातेवाइकांना हे पटत नाही, सलाईन लावा म्हणतात. पण या बाईंची अ‍ॅलर्जी कातडीत आणि कातडीखालच्या मऊ थरातच आहे. ओठ आणि पापणी इथली कातडी पातळ, सैल, म्हणून तिथं सूज लवकर भरते आणि भयंकर दिसते. एकेक गांधी चोवीस तासांच्या आत मावळते, तोवर दुसरीकडं नवी उठू शकते. पापणीची सूज उतरायला दोन-तीन दिवस लागतात.

बाकावर बसवून ठेवण्यालाही कारण आहे. पहिल्या एक-दोन तासांत चित्र बदलू शकतं. म्हणून दर थोड्या वेळानं पुन्हा बोलतं करायचं, पुन्हा विचारायचं.

घरी जाताना डॉक्टरांनी केसपेपरवर गोळीचं नाव लाल पेनानं लिहून दिलं. फक्त तीच एक गोळी टाळून चालत नाही. डायक्लोफिनॅकनं पित्त उठलेल्या माणसाला आयब्युप्रोफेननं, अ‍ॅस्पिरिननंही उठू शकतं, कारण शरीरात या सगळ्या एकाच ठिकाणी अडथळा आणतात. साधी पॅरासिटामॉल अशा बहुतेकांना चालते, पण ती निव्वळ पॅरासिटामॉल आहे ना, हे पाकिटावर वाचून. जोडगोळी नको.

[दृश्य : अंबाजोगाईच्या बाजूचा डोंगराळ भाग. विहीर, मोटारीची पत्र्याची खोली.]

आता दुसरा माणूस. वय पंचेचाळीसच्या आसपास. मोटार चालू करायला पत्र्याच्या खोलीत शिरला. दाराच्या वरच्या कोपऱ्यात गांधीलमाशीचं पोळं होतं. एकच माशी मानेवर चावली. याआधी चावलेली, तेव्हा हात सुजला होता, बाकी काही नाही. म्हणून यानं मनावर घेतलं नाही.

पाचव्या मिनिटाला तळहात-तळपाय खाजायला लागले. मानेवर चार-दोन गांधी. खालचा ओठ किंचित जाड. पहिल्या बाईंच्या शेजारी याला बसवलं असतं तर कुणीही म्हणालं असतं, याला काही झालेलंच नाही.

दहाव्या मिनिटाला पोटात मुरडा आला आणि उलटी झाली. "मला कसंतरीच व्हायलंय," म्हणाला. भावानं विचारलं, "काय व्हायलंय?" तर नीट सांगता येईना. कपाळावर गार घाम. आवाज बसल्यासारखा, सारखा घसा खाकरतोय. उठून दोन पावलं चालला आणि बांधावरच खाली कोसळला.

इथं लोक फसतात. उलटी झाली म्हणजे पित्त झालं, ऊन लागलं, घाबरला असेल, असं म्हणून लिंबू-साखर पाजतात. पण माशी चावल्यावर, नवी गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर, शेंगदाणा किंवा मासळीसारखं काही खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत कातडीवर गांधी किंवा सूज आली, आणि तिच्या जोडीला श्वास, घसा, रक्तदाब यांतली एखादी गोष्ट बिघडली किंवा पोटात जोराच्या कळा, उलट्या सुरू झाल्या, तर ती साधी अ‍ॅलर्जी राहिली नाही. याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. जीभ सुजणं, लाळ गिळता न येणं, आवाज घोगरा होणं, छातीत घरघर, चक्कर, गार पडणं. यातलं एक दिसलं तरी पुरे, दुसऱ्याची वाट बघायची नाही. लहान लेकरू सांगू शकत नाही. ते रडता रडता एकदम गप्प आणि लुळं पडतं.

[दृश्य : साधं रेखाचित्र. रक्तवाहिनी, भोवती पेशी.]

आत काय चाललंय ते बघू. अ‍ॅलर्जीत मास्ट नावाच्या पेशी हिस्टामिन आणि तसली इतर रसायनं सोडतात. त्यानं बारीक रक्तवाहिन्या सैल होतात आणि त्यांतला पातळ भाग बाहेर झिरपतो. कातडीत झिरपला की गांधी, जरा खोल झिरपला की ओठाची सूज. हेच अंगभर झालं तर जागोजागी भोकं पडलेल्या ठिबकच्या नळीसारखी गत होते. पाणी आहे, पण शेवटच्या रोपापर्यंत दाब पोचत नाही. दहा मिनिटांत रक्तातल्या द्रवाचा तिसरा हिस्सासुद्धा असा बाहेर जाऊ शकतो. म्हणून हा माणूस उभा राहिल्याबरोबर कोसळला. हृदयाकडं परत येणारं रक्तच कमी पडलं.

[दृश्य : रस्ता. मोटारसायकल.]

आपल्याकडं अशा वेळी पहिली निघते ती मोटारसायकल. एक पुढं, एक मागं, मधे आजारी माणूस, मान टाकलेली. रक्तदाब पडलेल्या माणसाला असं उभट बसवणं जिवावर बेतू शकतं. १०८ ला फोन करायचा. गाडी यायला उशीर असेल तर पिकअप, जीप, जे मिळेल त्यात आडवं झोपवून, पायाखाली पोतं घालून पाय उंच करून न्यायचं. दम लागत असेल तर टेकवून बसवायचं, पण पाय लांब सोडलेले. उलटी होत असेल तर कुशीवर. आणि बरं वाटतंय म्हणून त्याला उठून चालू द्यायचं नाही, दवाखान्याच्या दारातही नाही.

या माणसाला भावानं पिकअपमधे आडवं घालून आरोग्य केंद्रात आणलं. बीपी ७० वर ४०. डॉक्टरांनी आधी सलाईन शोधलं नाही, आधी अ‍ॅड्रिनॅलिनची कुपी फोडली. एक मिलिलिटरची कुपी, त्यात एक मिलिग्रॅम औषध. मोठ्या माणसाला त्यातलं अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, थेट स्नायूत. लेकराला वजनावर, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. दंडापेक्षा मांडीतून ते लवकर रक्तात पोचतं. अ‍ॅड्रिनॅलिन सैल झालेल्या रक्तवाहिन्या आवळतं, आवळलेल्या श्वासनळ्या मोकळ्या करतं आणि घशातली सूज उतरवतं. ही तिन्ही कामं एकट्यानं करणारं दुसरं औषध नाही. खाजेची गोळी, फेनिरामाइनचं इंजेक्शन, डेक्सामेथासोन ही मागाहूनची औषधं आहेत. पहिली दोन खाज आणि गांधी कमी करतात, तिसऱ्याचा गुण यायला काही तास लागतात. पडलेला रक्तदाब यांतलं एकही उचलत नाही. तरी गावोगावी आधी हीच टोचली जातात आणि सगळ्यांना वाटतं, उपचार चालू झाला. माझ्या मते खरा वेळ तिथंच जातो.

पाच मिनिटांनी बीपी अजून ८०च. दुसरा डोस दिला, ऑक्सिजन, सलाईन चालू होतंच. मग बीपी १०० च्या वर आला आणि त्याच वेळी त्याच्या छातीवर, पोटावर, मांड्यांवर लालभडक गांधी उठल्या. भाऊ ओरडला, "डॉक्टरसाहेब, हे तर वाढायलंय!" वाढत नव्हतं. रक्तदाब पडला होता तेव्हा कातडीपर्यंत रक्तच पोचत नव्हतं, म्हणून अंग कोरं दिसत होतं. आता रक्त आलं आणि गांधी दिसल्या.

[दृश्य : १०८ ची गाडी, अंबाजोगाईकडं.]

तिथून १०८ नं अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजला. बरं वाटल्यावर काही तासांनी, माशी पुन्हा चावलेली नसतानाही, हाच झटका परत येऊ शकतो. दोन डोस लागलेल्या माणसाला म्हणूनच रात्रभर नजरेखाली ठेवतात.

आणखी एका प्रकारची ओठाची सूज सांगायला हवी. बीपीसाठी एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल चालू असलेल्या एखाद्या माणसाची जीभ-ओठ सुजतात, पण अंगावर एकही गांधी नसते आणि खाज नसते. गोळी कधीकधी कित्येक महिने बिनतक्रार चाललेली असते, म्हणून तिच्यावर कुणाचा संशय जात नाही. ही सूज हिस्टामिनची नाही, त्यामुळं खाजेच्या गोळीनं ती उतरत नाही. जीभ सुजायला लागली की घसा बंद होईपर्यंत किती वेळ आहे ते सांगता येत नाही. गोळीचं पाकीट सोबत घेऊन, जिथं श्वासनळीत नळी घालता येते अशा मोठ्या दवाखान्यात लगेच जायचं.

[दृश्य : घराचं दार. खुंटीला अडकवलेली पिशवी.]

गांधीलमाशीच्या त्या माणसाला घरी सोडताना डॉक्टरांनी त्याच्या भावाला आणि बायकोला समोर बसवलं. परदेशात अशा लोकांकडं भरलेलं, टोचायला तयार पेन असतं, आपल्याकडं ते सहज मिळत नाही. म्हणून अ‍ॅड्रिनॅलिनच्या दोन कुप्या, दोन सिरिंज, अर्ध्या मिलिलिटरची खूण, आणि हे सगळं आधी साध्या पाण्याच्या कुपीवर करून बघायचं. घाबरलेल्या हातानं काच फोडून औषध ओढायला वेळ लागतो. कुपी उजेडापासून लांब, घरातल्या गार जागी ठेवायची, फ्रिजची गरज नाही. औषध पाण्यासारखं स्वच्छ असतं. त्याला तांबूस झाक आली किंवा तारीख उलटली तर फेकून नवी आणायची.