गोळीच्या मागची बारीक अक्षरं

नमस्कार श्रोतेहो. मी फार्मासिस्ट आहे, गेली बावीस वर्षं एका तालुक्याच्या गावात मेडिकलच्या काउंटरमागे उभी असते. आज गरोदरपणातल्या आयर्न आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांबद्दल बोलायचंय, म्हणजे खरं तर त्या पट्टीच्या मागे जी बारीक अक्षरं असतात ना, त्यांच्याबद्दल. घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या गोळ्यांची पट्टी समोर घेऊनच बसा, म्हणजे मी सांगतेय ते तुम्हाला लगेच बघता येईल.

मागच्या वर्षी एक मुलगी आली होती दुकानात, पहिलटकरीण, सहावा महिना चाललेला. हातात रक्ताचा रिपोर्ट, हिमोग्लोबिन ९.६. चौथ्या महिन्यात ते १०.८ होतं. सहाव्या महिन्याच्या सुमाराला हिमोग्लोबिन थोडं खाली येतंच, कारण बाईच्या अंगातलं रक्त वाढतं आणि त्यात पाण्याचा भाग जास्त वाढतो, पण साडेदहाच्या खाली गेलं म्हणजे ते नुसतं पातळ झालंय असं म्हणता येत नाही. मी विचारलं, अगं गोळ्या घेतेस ना? तर म्हणाली, "ताई, मी रोज व्हिटॅमिन घेते हो, एक दिवस चुकवला नाही." आणि खरंच चुकवला नव्हता, फक्त ती घेत काय होती ते बघा.

उपकेंद्रातून आशाताईंनी तिला लाल गोळ्या दिलेल्या. त्या आठवडाभर घेतल्या, शौचाला काळं व्हायला लागलं, पोटात मळमळायला लागलं, ती घाबरली आणि बंद केल्या. मग अमेरिकेहून नणंद आली, तिने प्रीनेटल लिहिलेली गमीजची बाटली आणली, गोड, चघळायच्या. सासूबाई म्हणाल्या, परदेशातलं चांगलंच असणार. झालं, दोन महिने तेच चाललं.

मी तिला म्हटलं, उद्या बाटली घेऊन ये. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मागची चौकट वाचायला बसलो. सगळ्यात वर लिहिलेलं, सर्व्हिंग साइझ दोन गमीज, म्हणजे खाली जे आकडे छापलेत ते दोन गमींचे, आणि ही बाई रोज एकच खात होती, म्हणजे प्रत्येक आकडा निम्मा. मग व्हिटॅमिन डी होतं, बी बारा होतं, फोलेट होतं, आणि आयर्न? मी तिला म्हटलं बोट ठेव बघू आयर्नवर. ती वरून खाली दोनदा शोधत गेली. आयर्न नव्हतंच! बऱ्याच गमीजमध्ये ते नसतं, कारण लोखंडाची चव धातूसारखी लागते आणि गोड गोळीत ती लपत नाही. बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरात प्रीनेटल लिहिलंय म्हणून आत सगळं आहे असं धरून चालू नका, पुढची बाजू विकण्यासाठी असते, वाचायची ती मागची.

आता आयर्नची ओळ सापडली तरी एक गोष्ट बघायची. तिची जाऊ म्हणायची, माझ्या गोळीत दोनशे मिलिग्रॅम आहे, सरकारी गोळीत साठच, मग सरकारी कमजोर नाही का? तर नाही. लोखंड गोळीत एकटं घालत नाहीत, ते कशाला तरी जोडून क्षाराच्या रूपात घालतात, फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट, फेरस ॲस्कॉर्बेट अशी त्यांची नावं. दोनशे मिलिग्रॅम वजन त्या सगळ्या क्षाराचं, त्यातलं खरं लोखंड किती ते वेगळं. कोरडं फेरस सल्फेट दोनशे मिलिग्रॅम घेतलं तर लोखंड साधारण ६५ मिलिग्रॅम निघतं, फ्युमरेटमध्ये साधारण तिसरा हिस्सा. म्हणून पट्टीवर एलिमेंटल आयर्न हे दोन शब्द शोधायचे, बहुतेक वेळा ईक्विव्हॅलंट टू एलिमेंटल आयर्न असं लिहून पुढे आकडा असतो, आणि तुलना करायची ती त्याच आकड्याची. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम एलिमेंटल आयर्न आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. खाजगी दवाखान्यात बऱ्याचदा लिहून देतात त्या ॲस्कॉर्बेटच्या गोळीवर १०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे जावेची दोनशेची गोळी आणि सरकारी गोळी जवळजवळ सारखीच निघाली.

पण दोन ठिकाणच्या गोळ्या एकदम सुरू ठेवणाऱ्याही मी पाहिल्यात, उपकेंद्राची लाल आणि डॉक्टरांनी दिलेली दुसरी, दोन्ही "ताकदीच्या" म्हणून. बेरीज करा, ६० आणि १०० म्हणजे १६०, आणि मग पोट बिघडलं, बद्धकोष्ठ झालं की दोन्ही बंद. त्यापेक्षा डॉक्टरांना दोन्ही पट्ट्या दाखवा आणि कुठली ठेवायची ते विचारा.

आता फॉलिक ॲसिड. इथे घोळ होतो तो मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅमचा. एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम. पट्टीवर मायक्रोग्रॅमला एमसीजी लिहितात, तर ४०० एमसीजी म्हणजे ०.४ मिलिग्रॅम, आणि दुकानात सहज मिळणारी छोटी गोळी असते ५ मिलिग्रॅमची, म्हणजे साडेबारा पट. गोळी आकाराने इवलीशी म्हणून डोस कमी असं नसतं हां. बहुतेक बायकांना सुरुवातीला रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. ५ मिलिग्रॅम डॉक्टर मुद्दाम देतात ते ठराविक बायकांना, आधीच्या बाळाच्या मणक्यात किंवा मेंदूत व्यंग होतं अशांना, फिटच्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांना, डायबेटिस असणाऱ्यांना. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं की आधी असं बाळ झालेल्या बायकांनी रोज ४ मिलिग्रॅम घेतलं तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं.

आणि हे कधी घ्यायचं, तर दिवस राहायच्या आधीपासून. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली, दहाएक दिवस वाट पाहिली, टेस्ट केली, सोनोग्राफीला गेलं, तोवर नळी मिटून गेलेली असते. मला ह्याचं फार वाईट वाटतं, कारण बायका दुकानात येतात त्या सोनोग्राफीचा कागद घेऊन, तेव्हा त्या महिन्याचं फॉलिक ॲसिड देता येत नाही. मूल हवंय असं ठरवलं की निदान महिनाभर आधी ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करा, ती महाग नसते.

त्या अमेरिकन बाटलीवर फोलेटसमोर लिहिलेलं होतं १००० एमसीजी डीएफई, आणि कंसात ६०० एमसीजी फॉलिक ॲसिड. डीएफई म्हणजे अन्नातल्या फोलेटच्या हिशोबात काढलेला आकडा, गोळीतलं फॉलिक ॲसिड जास्त चांगलं शोषलं जातं म्हणून तो मोठा दिसतो. आपल्याकडच्या पट्टीशी तुलना करायची तर कंसातलाच बघायचा. ती एक गमी खात होती म्हणजे तिला ३०० मिळत होतं.

ती मुलगी जाता जाता सहज बोलली की नवऱ्याच्या मल्टिव्हिटॅमिनच्या कॅप्सूल घरात आहेत, त्या चालतील का. मी तीही पट्टी मागवली. त्यावर व्हिटॅमिन ए समोर रेटिनॉल पामिटेट, ५००० आययू. गरोदरपणात रेटिनॉलच्या रूपातलं ए जीवनसत्त्व दिवसाला सगळं मिळून १०,००० आययूच्या वर जाऊ द्यायचं नाही, जास्त झालं तर बाळाच्या जडणघडणीत व्यंग येऊ शकतं, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. एका कॅप्सूलने मर्यादा ओलांडली जात नाही, पण त्याच्यासोबत कॉड लिव्हर ऑइल चालू असेल, अजून एखादं टॉनिक असेल, तर बेरीज कुठे जाईल सांगता येत नाही, शिवाय ती कॅप्सूल गरोदर बाईसाठी बनवलेलीच नव्हती. पट्टीवर बीटा कॅरोटीन लिहिलं असेल तर ती भीती नाही, शरीर त्यातून लागेल तेवढंच ए बनवतं. रेटिनॉल, रेटिनिल हे शब्द दिसले की मात्र थांबा आणि विचारा.

अजून एक ओळ असते, नॉट फॉर मेडिसिनल यूज. ती ज्यावर असते ते औषध नाही, फूड सप्लिमेंट आहे, त्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर असतो. ते वाईट असं नाही, पण हिमोग्लोबिन खाली गेलेलं वर आणायला डॉक्टरांनी औषध लिहिलंय तर त्याच्या जागी ते चालत नाही.

मग त्या मुलीचं काय झालं? डॉक्टरांनी तिला लाल गोळी दिवसातून दोनदा द्यायला सांगितली. शौचाला काळं होणं आयर्नने होतंच, त्यात घाबरायचं काही नाही, हे मी तिला आधी सांगितलं, कारण बंद करण्याचं कारण तेच होतं. रिकाम्या पोटी घेऊन उलटी होत असेल तर जेवणानंतर तासाभराने घे, लिंबूपाण्याबरोबर घेतलीस तर आणखी बरं, चहा मात्र दोन तास लांब ठेव, आणि कॅल्शियमची गोळी कधीच बरोबर नाही, तिच्यातही दोन तास अंतर पाहिजे कारण कॅल्शियम आयर्नला शोषू देत नाही. थायरॉईडची गोळी चालू असेल त्यांनी तर चार तासांचं अंतर ठेवायचं. महिन्याने पुन्हा तपासणी केली, १०.७. महिनाभरात निदान एकाने वाढायला हवं असतं, तेवढं वाढलं. ज्यांचं वाढत नाही त्यांनी स्वतःहून गोळ्या वाढवू नयेत, थॅलेसेमिया मायनर असू शकतो, बी बाराची कमतरता असू शकते, तिथे नुसत्या आयर्नने भागत नाही, तपासणी लागते.

त्या लाल गोळ्यांना गोड कवच असतं आणि घरातल्या लहान मुलाला त्या चॉकलेटच्या गोळ्यांसारख्याच दिसतात. दहा किलोच्या मुलाने अशा दहा गोळ्या गिळल्या तर जीवावर बेतू शकतं, तेव्हा डबा फळीवर सगळ्यात वर, आणि मुलाने खाल्ल्याचं कळलं तर उलटीची वाट न बघता रिकामी पट्टी घेऊन सरळ दवाखान्यात जा.

आणि मेडिकलमध्ये पट्टी कापून पाच-सहा गोळ्या देतात, तेव्हा नाव एका तुकड्यावर राहतं, एक्सपायरी दुसऱ्यावर. काउंटरवर उभ्या असतानाच पूर्ण पट्टीच्या मागच्या बाजूचा मोबाईलने फोटो काढा, कुणी नाही म्हणणार नाही, मी तर स्वतः पट्टी पुढे धरते.